फोटोतून प्रश्नपत्रिका: बरोबर उत्तर पुस्तकात, पण चुकीचे पर्याय कुठून आणायचे?

इतिहासाच्या पुस्तकातल्या परिच्छेदाचा फोटो काढायचा, मोबाइलवर त्यातला मजकूर कॉपी करायचा आणि चार पर्यायांचे प्रश्न करून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे. अनेक शिक्षक आणि पालक हे करतात. प्रश्न सुचतो, उत्तरही समोरच असतं. अडतं ते तीन चुकीच्या पर्यायांपाशी.

पुरंदरच्या तहाचाच परिच्छेद घेऊ. जून १६६५ मधल्या या तहानुसार शिवाजी महाराजांनी २३ किल्ले आणि वर्षाला ४ लाख होन उत्पन्नाचा मुलूख मोगलांना दिला. १२ किल्ले स्वराज्यात राहिले. आता प्रश्न असा: मोगलांना किती किल्ले दिले? घाईत २३ च्या जोडीला ५०, १०० आणि २०० असे आकडे दिले जातात. धडा न वाचलेलं मूलही ते बाजूला सारतं.

त्याऐवजी ४, १२ आणि ३५ द्या. १२ वर खूण करणाऱ्याने ‘दिले’ आणि ‘राहिले’ यांची अदलाबदल केलेली असते. ३५ लिहिणाऱ्याने दोन्ही आकड्यांची बेरीज केली. ४ निवडणाऱ्याच्या डोक्यात होनांचा आकडा राहिला. म्हणजे चुकलेलं उत्तर पाहूनही दुसऱ्या दिवशी वर्गात नेमकं काय सांगायचं ते कळतं.

नावांच्या प्रश्नात मात्र असाच जवळचा पर्याय अंगाशी येऊ शकतो. ‘पुरंदरला वेढा कोणी घातला?’ असं विचारून जयसिंह आणि दिलेरखान ही दोन्ही नावं दिली, तर भांडण नक्की. मोहीम जयसिंहाची होती, पण किल्ल्याखाली वेढा चालवत होता दिलेरखान. इथे पर्याय न बदलता प्रश्न बदलावा: ‘शिवाजी महाराजांनी तह कोणाशी केला?’ आता दिलेरखान जवळचा वाटतो, तरीही चूकच ठरतो.

उरलेले दोन पर्याय शायिस्ताखान आणि अफजलखान ठेवले, तर तीन खानांमध्ये ‘मिर्झाराजे जयसिंह’ हे लांबलचक नाव उठून दिसतं आणि मुलं तेच निवडतात. त्यामुळे नुसतं ‘जयसिंह’ लिहावं. अफजलखान तर आदिलशाहीचा सरदार. त्याच्या जागी जसवंतसिंह बसवावा. शायिस्ताखानाच्या वेळी तोही दख्खनमध्ये होता, त्यामुळे मुलांना थोडं थांबावं लागतं.

फोटोचीही एक कटकट आहे. पुस्तकाच्या शिवणीजवळ ओळ वाकते आणि मजकूर कॉपी होताना २ चा ३ होऊ शकतो. २३ चे ३३ झाले, तर उत्तरसूचीच चुकते. म्हणून प्रत्येक आकडा पुस्तकाशी ताडून पाहायचा. परिच्छेद पुढच्या पानावर गेला असेल, तर त्याचाही फोटो घ्यायचा. १२ किल्ल्यांचं वाक्य नेमकं तिथेच असू शकतं.

परीक्षातज्ज्ञ साधारण ५ टक्क्यांची कसोटी लावतात. ४० मुलांच्या वर्गात एखादा चुकीचा पर्याय दोघांनीही निवडला नाही, तर पुढच्या वेळी तो बदलायचा.