दिवे हिरवे, पण नेट गायब! दोष मोडेमचा की राउटरचा?

मोबाइलवर वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं आहे, राउटरचे दिवेही रोजच्यासारखेच दिसताहेत, पण घरातल्या एकाही फोनवर काही उघडत नाही. अशा वेळी नवा राउटर मागवण्याआधी दहा मिनिटं काढा आणि दोष नेमका कुठे आहे ते शोधा.

फायबर कनेक्शन असलेल्या बऱ्याच घरांत दोन डबे असतात. भिंतीतून येणारी बारीक फायबर ज्यात जाते तो कंपनीचा मोडेम (त्याला ओएनटी म्हणतात) आणि त्याला लॅन केबलने जोडलेला वाय-फाय राउटर. राउटरचा वाय-फाय दिवा फक्त एवढंच सांगतो की राउटर सिग्नल सोडतोय. मोडेमचा पॉन दिवा स्थिर हिरवा असेल, तर फायबर कंपनीच्या यंत्रणेशी जोडलेली आहे. पण तुमचं खातं चालू आहे की नाही, हे दोन्ही दिवे सांगत नाहीत. एलओएस दिवा लाल असेल, तर फायबरचाच दोष आहे. थेट तक्रार करा.

दिवे ठीक असतील, तर आधी दोन्ही डबे बंद करा. मोडेम सुरू करा, दोन मिनिटं थांबा, मग राउटर सुरू करा. तरीही नेट नसेल, तर फोनचा मोबाइल डेटा बंद करून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. आत WAN IP Address शोधा. तिथे 0.0.0.0 दिसलं, तर राउटरपर्यंत इंटरनेट पोहोचतच नाहीये.

आता खरी परीक्षा. राउटरच्या WAN खाचेतली केबल काढून लॅपटॉपला लावा आणि मोडेम पुन्हा सुरू करा. नेट चालू झालं, तर दोष राउटरचा किंवा त्याच्या सेटिंगचा. नाही चालू झालं, तर लगेच मोडेमला दोष देऊ नका. आधी केबल बदलून पाहा. काही कंपन्या नोंदवलेल्या राउटरलाच नेट देतात, तर काहींना युजरनेम-पासवर्ड लागतो. तो लागत असेल, तर विंडोजमध्ये Broadband (PPPoE) कनेक्शन बनवून तोच टाका.

समजा, तिथे Error 691 आला. म्हणजे मोडेम आणि फायबर दोन्ही ठीक आहेत, कंपनीने लॉगिन नाकारलंय. पासवर्ड चुकलाय किंवा रिचार्ज संपलाय. Error 651 आला, तर पलीकडून उत्तरच आलं नाही. केबल बदलूनही तोच आला, तर मोडेमचा किंवा लाइनचा संशय धरा आणि कस्टमर केअरला हा क्रमांक सांगा.

एक गोष्ट मात्र करू नका. राउटरमागचं छोट्या भोकातलं रिसेट बटण दाबू नका. त्याने राउटरमध्ये साठवलेला युजरनेम-पासवर्ड पुसला जातो आणि एका दोषाचे दोन होतात.