पक्षाघातानंतर कामावर परतताना : ‘फिट’ या एका शब्दाने भागत नाही

“डॉक्टर, फक्त फिटनेस लिहून द्या, सोमवारपासून जॉईन होतो.” पक्षाघाताचा झटका येऊन दोन महिने झाले की हे वाक्य कानावर येतंच. माझं मत असं आहे की असा एका ओळीचा दाखला आम्ही डॉक्टरांनी देऊ नये आणि रुग्णांनी मागू नये. तसा दाखला मीही दिला आहे, म्हणूनच सांगतो.

बीड जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेतले रोखपाल, वय ४८. झटका मेंदूच्या उजव्या भागात आला होता. डावा हात थोडा अशक्त राहिला. चालणं, बोलणं मात्र छान. मी ‘कामावर रुजू होण्यास हरकत नाही’ असं लिहून दिलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी रोकड दहा हजारांनी जास्त निघाली. एका खातेदाराने १४,५०० रुपये भरले होते आणि यांनी नोंद ४,५०० ची केली होती. आठवड्यात अशा तीन चुका झाल्या. मॅनेजरना वाटलं, लक्ष नाही. कुजबुज तर त्याहून वाईट होती.

पुन्हा तपासलं तेव्हा कळलं. डोळे ठीक होते, पण मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नव्हता. आकड्यातला सर्वांत डावीकडचा अंक सुटत होता. घरी ताटातली डावीकडची चटणी तशीच राहायची, ते बायकोने तेव्हा सांगितलं. उजव्या मेंदूच्या झटक्यानंतर असं होऊ शकतं आणि रुग्णाला स्वतःला ते जाणवत नाही. मी आधी हाताची ताकद पाहिली होती, काम पाहिलं नव्हतं. चूक माझी होती.

दुसऱ्यांदा मी दाखला वेगळा लिहिला. पहिले दोन आठवडे सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळचे चार तास. पुढचे दोन आठवडे रोज चार तास, मग दोन आठवडे रोज सहा, नंतर पूर्ण वेळ. काउंटर बंद, त्याऐवजी कर्जाच्या फाईलमधली कागदपत्रं तपासणं. पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारायची, प्रत्येक ओळ वाचताना बोट आधी त्या रेघेवर न्यायचं. मोटारसायकल बंद, ये-जा बसने.

हे वेळापत्रक प्रत्येकाला लागू पडेल असं नाही. पायरी चढायची की थांबायचं, हे दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. रात्रभर झोपूनही थकवा उतरला नसेल किंवा कामाच्या शेवटच्या तासात चुका वाढत असतील, तर आणखी दोन आठवडे त्याच पायरीवर राहा. हा थकवा आळस नव्हे, झटक्यानंतर तो महिनोन्‌महिने राहू शकतो. मात्र तोंड अचानक वाकडं झालं, हातपाय गळाले किंवा बोलणं अडखळलं, तर तो थकवा समजू नका. लगेच १०८ ला फोन करा.

मॅनेजरशी बोलणं त्यांना सर्वांत जड गेलं. “सांगितलं तर काढून टाकतील,” म्हणाले. भीती खोटी नव्हती. पण न सांगितल्याने त्यांच्यावर संशय आलाच होता. मी म्हटलं, सगळा आजार सांगू नका, तीनच गोष्टी सांगा : आज काय जमतं, काय जमत नाही आणि पुन्हा कधी पाहायचं. अर्ध्या वेळेचा पगार किती, तेही त्याच बैठकीत ठरवा आणि कागदावर घ्या. ते भावाला घेऊन गेले. मॅनेजर म्हणाले, “हे आधी कळलं असतं तर काउंटरवर बसवलंच नसतं.”

साडेचार महिन्यांनी ते काउंटरवर आले, पण मोठी रक्कम आजही दुसरा माणूस पुन्हा वाचतो. तो नियम कायमचा आहे आणि त्यांनी तो मान्य केला आहे.

सरकारी नोकरी असेल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा पाठीशी आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येत नाही की खालच्या पदावर नेता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. खासगी संस्थेत एवढं भक्कम संरक्षण नाही. तिथे हा संवादच आधार. आणि उचल घेतलेल्या ऊसतोड मजुराला चार तासांची कोयती कोण देणार? त्याच्यासाठी माझ्या दाखल्याची किंमत शून्य आहे, हे मला ठाऊक आहे.

पण ज्यांना मॅनेजर आहे, त्यांनी पुढच्या वेळी ‘फिट’ मागू नये. रोज नेमकं काय काम करता, ते कागदावर लिहून आणा. तो कागद पाहूनच दाखला लिहायला हवा.