बिल क्रमांक १४८ गेला कुठे?

रसायनीतल्या पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत कारखान्यांना सुटे भाग पुरवणारा एखादा छोटा वर्कशॉपवाला घ्या. त्याच्या संगणकात RSY/25-26/0147 नंतर थेट RSY/25-26/0149 उमटते. मधले बिल कोणी लपवलेले नसते. ते कधी तयारच झालेले नसते.

घडते ते असे. बरेच बिलिंग सॉफ्टवेअर क्रमांकासाठी डेटाबेसच्या आपोआप वाढणाऱ्या आकड्यावर विसंबते. ‘सेव्ह’ दाबताच १४८ हा आकडा खर्ची पडतो. तेवढ्यात नेट जाते आणि बिल नोंदले जात नाही, पण आकडा मागे येत नाही. डेटाबेसची ही रचना मुद्दाम केलेली आहे, कारण त्यामुळे कोणालाही थांबावे लागत नाही. हिशेबाला मात्र ती चालत नाही. जीएसटीचा नियम ४६ सांगतो की बिलाचा क्रमांक सलग हवा, त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा आणि सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको. जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये कोणत्या क्रमांकापासून कुठपर्यंत बिले दिली आणि त्यांतली किती रद्द केली, हे भरावे लागते. १०१ ते १८० म्हणजे ८० बिले. हातात ७९ आणि रद्द एकही नाही. मग हिशेबनीस १४८ ‘रद्द’ दाखवून मोकळा होतो. उद्या कोणी ते रद्द बिल मागितले तर दाखवणार काय?

उपाय अवघड नाही. कच्च्या बिलाला क्रमांक देऊच नये. बिल पक्के करताना क्रमांकाच्या नोंदीला कुलूप लावावे, पुढचा आकडा घ्यावा आणि त्याच व्यवहारात बिल लिहावे. दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. दुसऱ्या टेबलावरच्या माणसाला क्षणभर थांबावे लागेल, एवढेच. काउंटर खूप असतील तर प्रत्येकाला वेगळी मालिका द्यावी. नियमाला ते मान्य आहे. पक्के बिल रद्द झाले तरी क्रमांकासह जपावे, पुसू नये.

पैशांचा घोळही याच जातीचा. ११८.५०, २४५.५० आणि ७६.५० रुपयांच्या तीन वस्तू धरा. त्यांवर केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ टक्के कर आहे. वस्तूगणिक पैशापर्यंत पूर्णांक केला तर केंद्राचा कर १०.६७, २२.१० आणि ६.८९ मिळून ३९.६६ होतो. एकूण ४४०.५० वर एकदाच काढला तर ३९.६५. राज्याच्या करातही तोच एक पैसा वाढतो. दोन्ही रीतींनी ग्राहकाला द्यायचे ५२० रुपयेच येतात, म्हणून फरक कोणाच्या लक्षात येत नाही. पण बिल एका रीतीने छापले आणि विवरणपत्र दुसऱ्या रीतीने बनले, तर महिनाअखेरीस दोन्ही जुळत नाहीत. म्हणून रीत एकच ठरवावी, छापलेला कर जसाच्या तसा साठवावा आणि शेवटचे अठरा किंवा वीस पैसे ‘राउंड ऑफ’च्या वेगळ्या ओळीत दाखवावेत, करात मिसळू नयेत.

सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्यासमोरच दोन संगणकांवरून एकदम बिले करावीत, एकाचे नेट मध्येच तोडावे आणि पुढचे क्रमांक पाहावेत.