आखूड मान आणि ब्लाऊजचा गळा

लग्नसराईत ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बहुतेकजणी गळ्याचं एकच माप सांगतात, ते खोलीचं. "पुढचा सात, मागचा नऊ." मान आखूड आणि चेहरा रुंद असेल तर मात्र आधी रुंदी ठरवावी. बोट नेक खांद्यापासून खांद्यापर्यंत आडवी रेघ ओढतो आणि तीही हनुवटीच्या अगदी जवळ, त्यामुळे मान आणखी आखूड वाटते. मानेलगतचा छोटा गोल गळा चेहऱ्याची गोलाई खाली पुन्हा गिरवतो. अशा चेहऱ्याला अरुंद आणि खोल गळा शोभतो, व्ही किंवा पानगळा. जबडा चौकोनी असेल तर मी पानगळाच सुचवते, कारण व्हीच्या सरळ रेघांमुळे जबड्याचे कोन जास्त जाणवतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेला मुलीच्या लग्नासाठी पैठणीवरचा ब्लाऊज शिवायचा होता. जुन्या ब्लाऊजचा गळा गोल होता, सात इंच रुंद आणि सहा इंच खोल. सहा ऐकायला पुरेसे वाटतात, पण आम्ही खोली खांद्याच्या शिवणीपासून मोजतो आणि त्यातले साधारण तीन इंच गळ्याच्या खळगीपर्यंत पोचण्यातच जातात. खळगीखाली उघडे राहतात ते तीनच. नव्या ब्लाऊजला पानगळा घेतला, रुंदी पावणेसहा आणि खोली साडेसात. दीड इंचच वाढला, पण खळगीखालची मोकळी जागा तीनाची साडेचार झाली. रुंदी कमी केल्यामुळे खांदाही उतरेना. गळा रुंद आणि खोल दोन्ही ठेवला, त्यात मागचाही मोठा असला, की ब्लाऊज खांद्यावरून घसरणारच.

आपल्याला किती खोली पेलेल हे घरी पाहता येतं. आरशासमोर ओढणी दोन्ही खांद्यांवरून पुढे घ्या, छातीवर व्ही करून पिन लावा आणि पिन खालीवर करत बघा. मान मोकळी दिसली आणि वाकल्यावरही संकोच वाटला नाही, की खांद्यापासून पिनेपर्यंत टेप लावा. तोच आकडा शिंप्याला सांगा.

तरीही कधीकधी गळा मानेला भिडतो. त्या शिक्षिका बोलताना सारख्या ब्लाऊज पुढून खाली ओढत होत्या. वर्षानुवर्षं वह्या तपासून पाठीला वरच्या बाजूला किंचित बाक आला होता. अशा पाठीवर मागची उंची अपुरी पडते, खांद्याची शिवण मागे सरकते आणि पुढचा गळा वर चढतो. त्यावर गळा आणखी खोल कापून उपयोग नसतो. मागच्या भागाची उंची अर्धा इंच वाढवली आणि शिवण खांद्याच्या माथ्यावर बसली. ब्लाऊज पुढून ओढावा लागत असेल तर शिंप्याला हे नक्की सांगा.

पदराचीही काळजी घ्यावी लागते. निऱ्या घालून मानेलगत पिन लावली तर एवढा विचार करून घेतलेला गळा डावीकडून बुजतो. पिन खांद्याच्या बाहेरच्या टोकाकडे लावा.

दागिन्यांत चिंचपेटी मला अशा मानेवर आवडत नाही. ती मानेला घट्ट बसते आणि होती तेवढी उंचीही अर्ध्यात तोडते. ठुशी हवीच असेल तर मागची सरकती दोरी सैल करून ती खळगीच्या खाली उतरवावी, आणि तिच्या जोडीला मोहनमाळेसारखा लांब दागिना घालावा. दोन्हींच्या मध्ये जागा राहू द्यावी.

कानातलं कुठे संपतं ते बघावं, कारण नजर तिथेच थांबते. मोठा गोल डूल किंवा रुंद झुमका जबड्याच्या सगळ्यात रुंद भागाशी येऊन थांबला, की चेहरा तिथे आणखी पसरतो. खांद्याला टेकणारे लोंबते कानातले मानेशेजारची मोकळी जागाच भरून टाकतात. त्यापेक्षा पाळीवर बसणारी मोत्याची कुडी घ्यावी, किंवा जबड्याच्या जरा खाली संपणारं, पण खांद्यापासून निदान दोन बोटं वर राहणारं सडपातळ कानातलं. कुडीसोबत बुगडी असेल तर फारच छान, नजर कानाच्या वरच्या कडेला जाते. शिक्षिकांनी घरातली जुनी कुडी आणि बुगडी घातली. त्यांचे झुमके खरोखर सुंदर होते, पण बरोबर जबड्याशी संपत होते. ते त्यांच्या लांब मानेच्या मुलीला फार शोभले.

कॉलरवाल्या कुर्त्यांसाठी एवढंच सांगते. उभी कॉलर दीड इंचाची असली तर मान खाली घातली की हनुवटीला लागते. पाऊण इंचाची घ्या, ती मानेपासून किंचित सुटी बसवायला सांगा आणि समोर चार-पाच इंचांची चीर उघडी ठेवा. शर्टाची कॉलर घेणार असाल तर तिची टोकं लांब आणि खाली वळलेली हवीत. बाहेर पसरलेल्या टोकांनी चेहरा रुंद दिसतो.