छे गं, जुनीच आहे!

उज्जैनच्या कुठल्याही मराठी घरात दिवाळीच्या फराळाला हा संवाद ठरलेला. "काकू, साडी काय छान दिसतेय!" "छे गं, जुनीच आहे. तुझीच बघ, किती सुरेख!" मग पाहुणी आपली साडी सेलमधली असल्याची कबुली देते. काकू फारच रंगात आल्या तर "आवडली? घेऊन जा!" म्हणतात, आणि आपल्याला तसं म्हणायचं नव्हतं हे पटवण्यात बिचाऱ्या पाहुणीचा चहा निवतो.

हा निव्वळ विनय नव्हे, पेच आहे. अनिता पोमेरँट्झ यांनी १९७८ साली अमेरिकी संभाषणं तपासून तो नेमका मांडला. समोरच्याचं म्हणणं मान्य करावं आणि स्वतःची स्तुती करू नये, हे दोन्ही संकेत कौतुकाच्या क्षणी एकमेकांच्या आड येतात. म्हणून माणसं कौतुक कमी करतात, श्रेय दुसऱ्याला देतात किंवा लगेच परतफेड करतात.

उज्जैनला हे नवं नाही. इथे १९५८ पासून ज्याच्या नावाचा समारोह भरतो, त्या कालिदासाच्या 'शाकुंतला'चा सातवा अंक या पेचावरच उघडतो. असुरांना हरवून दुष्यंत इंद्राच्या रथातून परततोय. एवढ्या सन्मानाला आपण पात्र नाही, असं तो सारथी मातलीला म्हणतो. मातली मोठा मिश्कील: असमाधान दोन्हीकडे आहे, इंद्रालाही आपण केलेला सत्कार तोकडाच वाटतो! त्यावर दुष्यंत सांगतो, देवांसमोर इंद्राने आपल्याला अर्ध्या आसनावर बसवलं, स्वतःचा मुलगा जयंत आशेने बघत असताना मंदारमाला आपल्या गळ्यात घातली. मातली पुन्हा स्तुती करतो, तेव्हा राजा श्रेय इंद्राला देतो. तिसऱ्यांदा स्वर्गात गायल्या जाणाऱ्या यशाचा विषय निघतो, तर राजा चक्क विचारतो की आपण आता कुठल्या वायुमार्गावर आहोत?

विषय बदलण्याची ही युक्ती काकूंनाही येते. पण राजाचं शिकण्यासारखं वाक्य मधलं आहे. माळ साधीच होती, असं तो म्हणत नाही. ती कुणी, कशी, कुणाच्या देखत घातली हे तो बारकाईने सांगतो, आणि त्यातच देणाऱ्याचा मान राहतो. "जुनीच आहे" या उत्तरात मात्र पाहुणीची नजरच चुकीची ठरते.

मराठीत अशा वेळी "धन्यवाद" जरा सभेतला वाटतो, हे खरं. "हो का? बरं वाटलं. आईची आहे, काठ बघ ना" एवढं पुरतं. इथेही श्रेय आईकडे जातं, पण कौतुक खोडलं जात नाही. काठ बघायला बोलावलं की पाहुणीही त्या आनंदात सामील होते. तिच्या साडीचं कौतुक लगेच करू नये. ते हिशेब चुकता केल्यासारखं वाटतं. तिने आणलेल्या चिरोट्यांचे पदर खरंच छान सुटले असतील, तर ते खाताना सांगावं. आणि तेव्हा ती "छे हो, या वेळी बिघडलेच" म्हणाली, तर काकूंनी दुसरा चिरोटा उचलावा.