बोन स्कॅनवरचे काळे डाग

प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णाचा बोन स्कॅन होतो. फिल्मवर सांगाड्यात ठिकठिकाणी काळे डाग दिसतात आणि घरचे हबकतात: रोग हाडांत पसरला. ही भीती खरी ठरू शकते. पण नुसते डाग पाहून तसे म्हणता येत नाही.

या तपासणीत टेक्निशियम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेले फॉस्फेटसारखे औषध शिरेतून टोचतात आणि साधारण तीन तासांनी कॅमेऱ्याने चित्र घेतात. जिथे नवे हाड घडण्याचे काम जोरात चालू असते, तिथे हे औषध जास्त साठते. मोडलेले हाड जुळताना हे काम चालते, झिजलेल्या सांध्याच्या कडेला हाड वाढताना चालते आणि कर्करोगाच्या पेशी हाडात शिरल्यावरही चालते. काम कुठे चालले आहे ते कॅमेरा दाखवतो. ते कशामुळे, हे त्याला कळत नाही.

समजा, 68 वर्षांच्या एका गृहस्थांच्या डाव्या बाजूच्या तीन बरगड्यांवर, दोन्ही गुडघ्यांत आणि कमरेच्या चौथ्या मणक्यात डाग आहेत. बरगड्यांवरचे डाग एकाखाली एक, सरळ रेषेत आहेत आणि चार महिन्यांपूर्वी हे गृहस्थ न्हाणीघरात पडले होते. अशी ओळ बहुधा माराची असते. जुळून आलेल्या हाडाचा डाग कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ टिकतो. कर्करोगाचा डाग अनेकदा बरगडीच्या लांबीने पसरतो. गुडघ्यांतले डाग दोन्हीकडे सारखे आणि सांध्यालगत आहेत. ती झीज असण्याचीच शक्यता जास्त.

खरा प्रश्न मणक्याचा. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यांत पसरतो आणि या वयात मणक्यांची झीजही नेहमीची. सपाट चित्रात मणक्याचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांवर येतो. हे भाग वेगळे दाखवणारे स्पेक्ट-सीटी केल्यावर डाग मागच्या छोट्या सांध्यात दिसला, तर कल झिजेकडे जातो. मणक्याच्या मुख्य भागातून मागे पसरलेला दिसला, तर संशय वाढतो. तरीही उलगडा झाला नाही, तर एमआरआय आणि गरज पडल्यास बायॉप्सी. उपचारांची दिशा या एका डागावर ठरणार असल्याने ही पायरी गाळू नये.

उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत बऱ्या होणाऱ्या हाडातला डाग उलट गडद होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.

म्हणून स्कॅन केंद्रांनी पडणे, अस्थिभंग, शस्त्रक्रिया यांची चौकशी करून ती अहवालात नोंदवावी. रुग्णांनीही जुने एक्स-रे सोबत न्यावेत, किरकोळ वाटलेला मारही सांगावा आणि कोणत्या डागाचे कारण अजून कळलेले नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.