भिंतीतला नळ : खाच किती खोल घ्यावी?



कोकणातल्या आमच्या एका वाचक भगिनीने गेल्या महिन्यात आम्हाला आपल्या घरी बोलावून न्हाणीघराची भिंत दाखवली. अब्बांना खाली वाकून वुजू करणे जड जाऊ लागले, म्हणून भावाने कुवेतहून पैसे पाठवले आणि न्हाणीघराचे काम नव्याने करून घेतले. बसायला ओटा, समोर खालच्या उंचीवर गरम-थंड पाण्याचा नळ, सर्व पाइप भिंतीच्या आत, वर सुंदर टाइल्स. पहिला हिवाळा सरला आणि पलीकडच्या खोलीत रंगाला फुगे आले. मग जमिनीपासून दीड फुटावर भिंतीला आडवी, दोरीने आखल्यासारखी सरळ भेग पडली. आपा म्हणाल्या, "मिस्त्री म्हणतो पाइप खराब निघाला. प्लंबर म्हणतो मिस्त्रीने भिंत नीट भरली नाही. आम्ही कुणाचे ऐकावे?"

टाइल्स काढल्यावर कळले की पाइप चांगलाच होता. चूक खाचेत होती. पाइप पुरण्यासाठी भिंतीत जी खाच मारतात, जिला काही कारागीर झिरी म्हणतात, तिचाच हिशेब या वेळी मांडत आहोत.

भिंतीवरचे वजन वरून खाली उतरते. उभी खाच मारली तर तेवढ्या अरुंद पट्टीत भिंत पातळ होते आणि वजन दोन्ही बाजूंनी खाली निघून जाते. आडवी खाच मात्र उतरत्या वजनाच्या वाटेतच आडवी येते. ९ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर जाडीच्या भिंतीत ७६ मिलिमीटर खोल आडवी खाच मारली, तर तिथे १५४ मिलिमीटर भिंत उरते आणि त्या उरलेल्या भागाचा मध्य मूळ मध्यापासून ३८ मिलिमीटर बाजूला सरकतो. वजन मधोमध न पडता एका बाजूला पडू लागते आणि भिंतीला बाक देऊ पाहते. म्हणून विटांच्या भार घेणाऱ्या भिंतींसाठीच्या भारतीय मानक आयएस १९०५ मध्ये दोन वेगळ्या मर्यादा आहेत. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. शिवाय आडवी खाच मजल्याच्या उंचीच्या वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या भागातच असावी आणि सलग १ मीटरपेक्षा लांब नसावी. पोकळ ब्लॉकची भिंत असेल, तर बांधून झाल्यावर तिच्यात खाच मारूच नये.

घरी हिशेब सोपा आहे. गिलावा सोडून भिंतीची जाडी मोजा. तिला ३ ने भागले की उभ्या खाचेची मर्यादा मिळते, ६ ने भागले की आडव्या खाचेची. ९ इंची भिंतीत उभी ७६ आणि आडवी ३८ मिलिमीटर. साडेचार इंची, म्हणजे ११५ मिलिमीटरच्या भिंतीत उभी ३८ आणि आडवी अवघी १९ मिलिमीटर. चिऱ्याची भिंत असेल तर तिचीही जाडी मोजून असेच भागावे. चिरा मऊ असतो, कटर त्यात सहज शिरतो, म्हणून हात जास्तच आवरावा लागतो.

आता पाइप पाहू. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप बाहेरून २२ मिलिमीटर भरतो. गरम पाण्याच्या पाइपाभोवती ६ मिलिमीटर जाडीची फोमची नळी चढवली की तो ३४ मिलिमीटर होतो. त्याच्या वर निदान १०-१२ मिलिमीटर मसाला हवा. म्हणजे टाइलच्या पाठीपासून ४५ मिलिमीटर जागा लागते. त्यातले १२ ते १५ मिलिमीटर गिलाव्यात मिळतात, उरलेले ३० ते ३३ मिलिमीटर विटेत जावे लागते. ९ इंची भिंतीत ही खाच उभी काय, आडवीही चालते. साडेचार इंची भिंतीत ती उभी जेमतेम बसते, आडवी बसतच नाही.

आपांच्या घरी नेमकी साडेचार इंची भिंत होती. गीझरपासून वुजूच्या नळापर्यंत जाताना ८ फूट सलग आडवी खाच, तीही विटेत ४० मिलिमीटर खोल. पलीकडच्या खोलीतल्या बेसिनसाठी त्याच उंचीवर ३० मिलिमीटरची दुसरी खाच आधीपासूनच होती. ११५ मधून ७० गेले, ४५ मिलिमीटर भिंत उरली. ही भिंत स्लॅबचे वजन घेत नव्हती, म्हणून अनर्थ टळला. पण दार आपटले की अशी भिंत हादरते, आणि सर्वांत पातळ जागी तडकते. दोन खाचा पाठीला पाठ लावून कधीही मारू नयेत.

भेगेचे कारण कळले. गळतीचे कारण वेगळे होते. सीपीव्हीसी पाइप गरम झाला की लांबतो. १ मीटर लांबीचा पाइप १० अंशांनी तापला तर साधारण ०.६५ मिलिमीटर वाढतो. आपांचा पाइप २.४ मीटर लांब. पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेले, तर तो साडेपाच मिलिमीटर वाढू पाहणार. त्या पाइपाला फोम नव्हता आणि दोन्ही टोकांचे एल्बो सिमेंटमध्ये घट्ट ठोकून भरलेले होते. रोज पहाटे गीझर सुरू झाला की पाइप एल्बोवर जोर देई, बंद झाला की ओढ घेई. काही महिन्यांत सांध्याला केसासारखी चीर पडली. म्हणूनच ओल हिवाळ्यात दिसली.

तेव्हा गरम पाण्याच्या पाइपाला पूर्ण लांबीभर फोम हवा, आणि एल्बोभोवती त्याहून मऊ, सैल जागा हवी. जिथे नळ बसतो तेवढाच पितळी तोंडाचा एल्बो भिंतीत पक्का धरावा. लोखंडी जीआय पाइप असेल तर आणखी एक पथ्य आहे. खाचेत पाइप तात्पुरता धरून ठेवण्यासाठी कारागीर पीओपीचे गोळे लावतात. ओल्या जिप्समने लोखंड गंजते, म्हणून जीआयला पीओपी लावू न देता सिमेंटच्या मसाल्यानेच धरावे.

काँक्रीटची गोष्ट विटेसारखी नाही. कॉलम, बीम आणि लिंटेल यांत खाच मारायचीच नाही, एक तृतीयांशसुद्धा नाही. कॉलममध्ये सळईवर साधारण ४० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असते. ३० मिलिमीटरची खाच मारली की १० उरते, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत सळई गंजू लागते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. स्लॅबमधून पाइप पार न्यायचा असेल, तर स्लॅब ओतण्यापूर्वीच एक आकार मोठ्या पाइपाचा तुकडा, म्हणजे स्लीव्ह, बसवून ठेवावी. नळाचा पाइप त्यातून मोकळा जातो, आणि मधली फट लवचीक सीलंटने बंद करता येते. काँक्रीटने पाइप आवळला जात नाही आणि पुढे बदलायची वेळ आली तर ब्रेकर लावावा लागत नाही. जमिनीतून पाइप नेणे भाग असेल, तर तो स्लॅबच्या आत न घालता वरच्या कोब्यात ठेवावा. तिथे सलग, बिनसांध्याचा तुकडा फोममध्ये गुंडाळून टाकावा आणि सांधे दोन्ही टोकांना, हाताशी येतील असे ठेवावेत.

आपांच्या घरी पुढे काय केले? जुनी आडवी खाच साफ करून, पाणी मारून, १ भाग सिमेंट आणि ३ भाग वाळूच्या मसाल्याने दोन थरांत भरली. वर दोन्ही बाजूंना ४-४ इंच जाईल अशी जाळी ठोकली आणि ७ दिवस पाणी मारले. नवे पाइप माळ्याच्या उंचीवरून, भिंतीच्या बाहेर क्लॅम्पवर आडवे नेले. तिथे फॉल्स सीलिंग असल्याने ते दिसत नाहीत. प्रत्येक नळासाठी वरून खाली उभी खाच आली. त्या खाचेत विटेतली खोली ३२ मिलिमीटरच्या वर जाऊ दिली नाही. कटरने आधी दोन समांतर रेषा कापून घेतल्या आणि मधला भाग छिन्नीने हलक्या हाताने काढला. नुसत्या हातोड्याने फोडले की पलीकडची वीटही सैल होते.

खाच बुजवण्यापूर्वी पाण्याची तपासणी केली. त्यांच्या प्रेशर पंपाचा दाब ३ किलो होता. तपासणी नेहमीच्या दाबाच्या निदान दीडपट, म्हणजे साडेचार किलोची हवी. हातपंपाने ६ किलो चढवले आणि काटा रात्रभर पाहिला. सांध्यांचे सोल्युशन पूर्ण वाळण्याआधी ही तपासणी करू नये. त्यासाठी डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा. गिलावा आणि टाइल्स होईपर्यंत पाइपात दाब तसाच ठेवला. कुणाचा खिळा किंवा ड्रिल पाइपाला लागले असते तर काटा त्याच क्षणी खाली आला असता, सहा महिन्यांनी ओल दिसण्याची वाट पाहावी लागली नसती. शेवटी टेप लावून प्रत्येक भिंतीचा फोटो घेतला, जेणेकरून उद्या आरसा टांगताना पाइप कुठे आहे ते कळेल.

ज्यांच्या घरी ओल आधीच आली आहे, त्यांनी टाइल्स फोडण्यापूर्वी एक करून पाहावे. टाकीकडून गीझरला थंड पाणी देणारा कॉक बंद करावा, गीझर थंड होऊ द्यावा आणि दोन-तीन दिवस ओल वाढते का पाहावे. ओल थांबली तर दोष गरम पाण्याच्या पाइपात, थांबली नाही तर थंड पाण्याच्या पाइपात किंवा सांडपाण्यात. भेग पाइपाच्या रेषेत सरळ असेल, आणि टाइलवर बोटाने ठोकल्यावर त्याच रेषेत पोकळ आवाज येत असेल, तर खाच जास्त खोल गेली आहे किंवा नीट भरली गेलेली नाही, असे समजावे.

काम सुरू होण्याच्या दिवशी आपण इतकेच करावे. खडू घेऊन प्रत्येक भिंतीवर तिची जाडी, तिचा तिसरा भाग आणि सहावा भाग लिहून ठेवावा, आणि कॉलम-बीमवर मोठी फुली मारावी. आपांच्या मिस्त्रीने ते आकडे पाहिले तेव्हा तो हसला. मग म्हणाला, "हे आधी कुणी लिहून दिले असते तर दुसऱ्यांदा यावे लागले नसते." अब्बा आता ओट्यावर बसून वुजू करतात, आणि पलीकडच्या खोलीची भिंत यंदाच्या पावसातही कोरडी राहिली, अल्हम्दुलिल्लाह.